वाटीखालची दुखरी गाठ : वाढीच्या वयातील एका फुटबॉलपटूचे प्रकरण

निनाद (नाव बदललेले आहे) हा वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबातला मुलगा. ऑगस्टच्या अखेरीस आईवडील त्याला माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी घेऊन आले तेव्हा त्याचे वय 13 वर्षे 4 महिने होते आणि तो आठवीत होता. डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला एक टणक उंचवटा आला असून तो दुखतो, अशी तक्रार होती. दुखणे साधारण दीड महिन्यापूर्वी सुरू झाले होते. सुरुवातीला फक्त सामना संपल्यावर दुखत असे. पुढे खेळताना दुखू लागले, आणि येण्याआधीच्या पंधरवड्यात जिना उतरताना आणि शाळेच्या योगाच्या तासाला वज्रासनात बसतानाही कळ येऊ लागली होती. पडल्याची, मार लागल्याची किंवा गुडघ्यात काही तुटल्यासारखा आवाज आल्याची आठवण कोणालाच नव्हती.

कुटुंबाच्या मनात दोन भीती होत्या. घरी आजींनी हळदीचा लेप लावला होता, त्याने काही बिघडले नव्हते. पण नंतर ओळखीतल्या एका मालिशवाल्याने ‘गाठ बसवून देतो’ म्हणून अंगठ्याने ती जोरात दाबली आणि त्यानंतर चार दिवस मुलगा लंगडत होता. त्यामुळे घाबरून काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात नडगीच्या उंचवट्याचे तुकडे दिसत असल्याचे लिहिले होते. हाड तुटले आहे, ही पहिली भीती. दुसरी भीती आईने मुलाला बाहेर बसवून दबक्या आवाजात विचारली : “हाडाचा कॅन्सर तर नाही ना?” गुडघ्याजवळची टणक गाठ आणि तेरा वर्षांचे वय हे दोन्ही एकत्र आले की हा प्रश्न गैर ठरत नाही, कारण या वयातील हाडांच्या कर्करोगाला गुडघ्याच्या आसपासची जागा खरोखरच जवळची असते. म्हणून नुसता दिलासा देऊन हा प्रश्न बाजूला न सारता तपासणीतूनच त्याचे उत्तर मिळवणे आवश्यक होते.

इतिहास विचारताना सर्वांत जास्त वेळ मी मुलाच्या आठवड्याच्या हिशेबावर घालवला. तो मधल्या फळीत खेळतो आणि उजव्या पायाने किक मारतो. जूनपर्यंत शाळेच्या संघाचा सराव आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सव्वा तास असे. जुलैपासून त्यात एका प्रशिक्षण वर्गाचे आणखी तीन दिवस आणि रविवारचा सामना वाढला, म्हणजे खेळण्याचे तास एका महिन्यात दुपटीहून अधिक झाले. शाळेच्या उंचीच्या नोंदीनुसार गेल्या वर्षभरात त्याची उंची 148 वरून 156 सेंटिमीटर झाली होती. वर्षाला आठ सेंटिमीटर हा मुलांच्या जोमाच्या वाढीचा काळ असतो, आणि नेमका त्याच काळात खेळाचा भार दुप्पट झाला होता. माझ्या दृष्टीने निदान इथेच अर्धे झाले होते.

या वयात हाडे लांबीने भराभर वाढतात, पण मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू त्या वेगाने लांबत नाही, म्हणून तो ताठ राहतो. हा स्नायू वाटीला धरून खाली उतरतो आणि एका जाड कंडरेने नडगीच्या वरच्या टोकाशी, पुढच्या उंचवट्यावर बांधलेला असतो. प्रौढ माणसात हा उंचवटा पक्के हाड असतो. तेरा वर्षांच्या मुलात मात्र तो अजून कूर्चेतून हाड होण्याच्या वाटेवर असतो आणि त्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा ठरतो. ओल्या गिलाव्यात ठोकलेल्या खुंटीला रोज दोर बांधून ओढावे तसा हा प्रकार आहे : दोर तुटत नाही, स्नायूही फाटत नाही, खुंटीभोवतीचा कच्चा भाग हलतो. प्रत्येक धाव, उडी आणि अचानक थांबणे यांच्या वेळी तिथे सूक्ष्म इजा होते, शरीर ती भरून काढण्यासाठी नवे हाड घालते, आणि त्यातून उंचवटा वाढतो. बोस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे याचे वर्णन केले, म्हणून याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. नावापुढे ‘आजार’ हा शब्द लावला जातो, पण हा संसर्ग नाही, चयापचयातला दोषही नाही. वाढणाऱ्या जागेवर पडलेल्या ताणाचा हा परिणाम आहे.

गाठ डाव्या पायाला का आली, हा प्रश्न वडिलांनी विचारला, कारण किक तर उजव्या पायाने मारली जाते. उत्तर किक मारण्याच्या रीतीत आहे. चेंडूला पाय लागण्याआधी दुसरा पाय जमिनीवर रोवला जातो, त्याचा गुडघा वाकतो आणि धावत आलेल्या सगळ्या शरीराचा वेग तोच पाय अडवतो. वाकलेल्या गुडघ्याने वजन अडवताना मांडीचा पुढचा स्नायू सर्वांत जोरात ओढतो. म्हणून फुटबॉलमध्ये टेकूचा पाय आधी दुखू लागणे आश्चर्याचे नाही, आणि नेमबाजीचा, म्हणजे गोलवर जोरात किक मारण्याचा, सराव वाढला की दुखणे वाढते याचेही कारण हेच.

तपासणीत बोटाने जागा नेमकी शोधणे सर्वांत महत्त्वाचे ठरले. दुखरा बिंदू नडगीच्या उंचवट्यावरच होता. वाटीच्या खालच्या टोकाला दाबल्यावर दुखले नाही. तिथे दुखले असते तर सिंडिंग-लार्सन-योहान्सन या याच जातीच्या, पण वाटीच्या टोकाशी होणाऱ्या दुखण्याचा विचार करावा लागला असता. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीत दुखत नव्हते, गुडघ्यात पाणी नव्हते, कातडी गरम किंवा लाल नव्हती. गुडघा पूर्ण वाकत आणि पूर्ण सरळ होत होता, पण मी हाताने रोखून धरलेला असताना तो सरळ करायला सांगितले की नेमक्या त्याच जागी कळ येत होती. पोटावर झोपवून टाच नितंबाकडे नेली असता उजवी टाच जवळजवळ टेकत होती, डावीला चार बोटे अंतर राहत होते. एका पायावर उभे राहून अर्धे बसायला सांगितल्यावर डाव्या गुडघ्यात शून्य ते दहाच्या मापावर सहा इतके दुखले.

याखेरीज तीन गोष्टी मी प्रत्येक अशा मुलात पाहतो आणि त्या वगळणे मला धोक्याचे वाटते. पहिली, पाठीवर झोपून सरळ पाय उचलता येतो का. उडी मारताना कळ येऊन मुलाला पाय सरळ उचलताच येत नसेल, तर नडगीचा उंचवटा निखळून तुटलेला असू शकतो. ते अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी नेण्याचे काम आहे. निनाद पाय सहज उचलत होता. दुसरी, खुब्याची तपासणी. वाढत्या मुलांत खुब्याच्या सांध्यातला बिघाड गुडघ्यात दुखून व्यक्त होतो, आणि गुडघा बघत बसल्यामुळे खुबा निसटतो; पाय आत वळवताना दुखते किंवा तो आत वळतच नाही, तर खुब्याचा एक्स-रे हवा. निनादचा खुबा दोन्ही बाजूंना मोकळा आणि न दुखणारा होता. तिसरी, रात्रीचे दुखणे. मुलगा झोपेतून उठतो का, विश्रांती घेऊनही दुखणे सतत वाढत जाते का, ताप येतो का, वजन घटते का, गाठ उंचवट्याची जागा सोडून वर-खाली पसरते का, हे आईला सविस्तर विचारले. सर्व उत्तरे नकारार्थी होती. दोन दिवस खेळ बंद ठेवला की दुखणे उतरते असे तिने स्वतःहून सांगितले. भाराबरोबर वाढणारे आणि विश्रांतीने उतरणारे दुखणे, नेमक्या जागी आणि नेमक्या वयात : हाडाच्या कर्करोगाचे दुखणे सहसा असे वागत नाही.

एक्स-रे मी वडिलांसमोर उजेडाला धरून पाहिला. नडगी आणि मांडीच्या हाडाच्या कडा स्वच्छ होत्या, कुठे हाड खाल्ल्यासारखे किंवा बाहेर फुगल्यासारखे दिसत नव्हते, आणि ज्यांना अहवालात तुकडे म्हटले होते ते उंचवट्याच्या जागचे दोन लहान हाडबिंदू होते. या वयात उंचवटा अनेक केंद्रांतून हाड होत जातो. न दुखणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांतही असे वेगळे बिंदू दिसू शकतात. म्हणून एक्स-रेतल्या तुकड्यांवरून हे निदान करायचे नसते आणि त्यांच्या संख्येवरून दुखण्याची तीव्रताही ठरत नाही. नेहमीच्या रूपातल्या प्रकरणात एक्स-रे काढलाच पाहिजे असेही नाही. त्याचा खरा उपयोग दुसरे काही नाही ना, हे पाहण्यापुरता. तो आधीच काढलेला असल्यामुळे या प्रकरणात आईच्या प्रश्नाला ठाम उत्तर देणे मात्र सोपे गेले. पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय सांगण्याचे कारण उरले नाही.

यानंतर कुटुंबाला दोन टोकांपासून दूर ठेवावे लागले. वडिलांचे म्हणणे होते की वर्षभर फुटबॉल बंद करावा आणि गुडघ्यात एक इंजेक्शन देऊन मोकळे व्हावे. मुलाला पुढच्या रविवारीच खेळायचे होते. वर्षभराच्या सक्तीच्या विश्रांतीने मांडीचा स्नायू कमकुवत होतो, आणि परतल्यावर पहिल्याच महिन्यात तोच ताण पुन्हा कच्च्या जागेवर येतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन इथे देऊ नये, कारण त्याने कंडरा आणि वरची कातडी पातळ पडण्याचा धोका असतो आणि मूळ ताण तसाच राहतो. कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल आईने विचारले. त्यांच्या अभावाने ही गाठ आलेली नव्हती, त्यामुळे त्यांनी ती जाणारही नव्हती. वेदनाशामक गोळी फार दुखेल त्या दिवशी, बालरोगतज्ज्ञाने सांगितलेल्या मात्रेत चालेल, पण सामन्याआधी दुखणे झाकण्यासाठी कधीच नाही, हे मी मुलाला वेगळे बसवून सांगितले.

उपचाराचा गाभा भाराची मोजणी हाच होता. मी मुलाला एक वही दिली आणि रोज दोन आकडे लिहायला सांगितले : दिवसातले सर्वांत जास्त दुखणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरतानाचे दुखणे. दोनपर्यंत असेल तर त्या दिवशीचे काम योग्य होते. तीन ते पाच असेल पण सकाळी पूर्ववत झाले असेल तर तेवढ्यावर थांबायचे, वाढवायचे नाही. सहा किंवा अधिक असेल, किंवा सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढलेला असेल, तर भार कमी करायचा. सकाळच्या आकड्याला मी जास्त वजन देतो, कारण खेळाच्या भरात मुले दुखणे विसरतात, पण सकाळचा जिना ते लपवू देत नाही.

पहिले चार आठवडे धावणे, उड्या, सामने आणि नेमबाजी बंद होती. जागेवर उभे राहून पास देणे-घेणे, चालणे, आणि उंच बैठक ठेवून हलक्या पायडलची सायकल चालू ठेवली. संघाबरोबर मैदानावर जाणे मी मुद्दाम चालू ठेवले. या वयात मुलाला मैदानापासून तोडले की तो दुखणे लपवायला शिकतो. शाळेला चिठ्ठी देऊन वज्रासन आणि गुडघे टेकून केलेल्या सगळ्या आसनांना सूट मागितली, कारण तिथे उंचवट्यावर सरळ दाब येतो. रोजचे व्यायाम दोनच होते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो मांडीच्या जोराने दाबायचा आणि दहा सेकंद धरायचा, असे दहा वेळा. आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची आणि तितकाच वेळ धरायची. दुखेल त्या संध्याकाळी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे. मांडीच्या पुढच्या स्नायूचा ताण काढण्याची घाई मी केली नाही. टाच ओढून नितंबाला लावण्याचा व्यायाम जोरात केला तर तो त्याच कच्च्या जागेला ओढतो. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त मांडीच्या मागच्या आणि पोटरीच्या स्नायूंचे ताण दिले आणि पुढच्या स्नायूचा ताण उंचवटा दुखत नाही इतपतच, नंतर सुरू केला. वाटीखाली बांधायचा पट्टा वडिलांनी आणला होता. तो बांधून बरे वाटत असेल तर बांधावा, नसेल तर नाही, इतकेच त्याचे महत्त्व.

चार आठवड्यांनी सकाळचा आकडा एकवर आला. पाचव्या आठवड्यापासून भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे आणि पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे हे व्यायाम एक दिवसाआड सुरू केले, तेही गुडघा फार खोल न वाकवता.

सहाव्या आठवड्यात नवरात्र आले. वडोदऱ्यात वाढलेल्या मुलाला गरब्यापासून दूर ठेवणे ना शक्य, ना गरजेचे. पण इथल्या मैदानांवरचा गरबा म्हणजे अनवाणी पायांनी तासन्‌तास वाकणे, उसळणे आणि गिरक्या. गुडघ्याच्या हिशेबात तो फुटबॉलच्या सरावापेक्षा हलका नाही. म्हणून आधीच ठरले होते की अर्धा तास, साध्या पावलांचा, एक रात्र सोडून. पहिल्या दोन वेळा मुलाने ते पाळले. तिसऱ्या वेळी मित्रांच्या घोळक्यात तो दोन तासांहून अधिक, उड्यांसह नाचला, आणि पुढच्या रात्रीही. वहीत सकाळचा आकडा एकवरून सहावर गेला आणि उंचवट्याभोवती सूज आली. आईने घाबरून फोन केला. सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नव्हती : पाय सरळ उचलता येत होता, नवी जागा दुखत नव्हती, ताप नव्हता. दहा दिवस पहिल्या टप्प्यातले दोन व्यायाम आणि बर्फ यांवर परत नेले, आणि आकडा दोनवर आल्यावर मागचा टप्पा पुढे चालू केला. या घटनेचा उपयोग असा झाला की कुटुंबाने ‘खेळ’ या शब्दाबाहेरचा भारही मोजायला सुरुवात केली. दिवाळीत किल्ला बांधताना तासन्‌तास उकिडवे बसण्याचीही नोंद वहीत झाली.

दहाव्या आठवड्यात एका पायावर दहा वेळा अर्धे बसताना दुखणे दोनच्या वर गेले नाही, तेव्हा धावणे सुरू केले. एक मिनिट हळू धावणे आणि एक मिनिट चालणे, असे आठ वेळा, एक दिवसाआड. पुढची पायरी दोन वेळा सकाळचा आकडा स्थिर राहिल्यावरच : आधी सरळ धावणे, मग वळणे आणि अचानक थांबणे, मग उड्या, आणि सर्वांत शेवटी नेमबाजी, जिथे टेकूच्या पायावर पूर्ण ताण येतो. पंधराव्या आठवड्यापासून निम्मा सराव आणि जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे पहिल्या तपासणीनंतर पाच महिन्यांनी, पूर्ण सामना. प्रशिक्षण वर्ग आणि शाळेचा सराव यांपैकी एकच ठेवून एकूण सराव चार दिवसांवर आणला; माझ्या मते या एका निर्णयाने सर्व व्यायामांइतके काम केले.

पाच महिने वडिलांना लांबलेले वाटले. डेन्मार्कमध्ये अशाच 51 मुलामुलींवर 12 आठवड्यांची भार-नियमन आणि व्यायामाची योजना वापरून केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात 12 आठवड्यांनी दहापैकी आठ जणांनी चांगली सुधारणा सांगितली, पण तोपर्यंत खेळात परतलेले सहांत एकच होते. वर्षभराने ते प्रमाण दहापैकी सात झाले. दुखणे आधी उतरते आणि खेळण्याची क्षमता बऱ्याच मागून येते, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितले नाही तर तिसऱ्या महिन्यात उपचारावरचा विश्वास डळमळतो.

जुलैमध्ये, वयाच्या सव्वाचौदाव्या वर्षी, निनादचा उजवा उंचवटा दुखू लागला. बऱ्याच मुलांत दुसरा गुडघाही कधी ना कधी धरतो, त्यामुळे याचे आश्चर्य वाटले नाही. त्याने स्वतःच वही काढून तीन आठवडे सामने सोडले आणि टॉवेलचा व्यायाम सुरू केला. माझ्याकडे तो आला तेव्हा सकाळचा आकडा दोनवर होता आणि तपासणीत खुबा, पाय उचलणे आणि जागा सर्व पहिल्यासारखेच होते. डाव्या गुडघ्याचा उंचवटा आहे तसाच आहे आणि तो कायम राहील. दाबून, लेपाने किंवा मालिशने तो बसणार नाही, आणि तो दिसतो म्हणून आजार बाकी आहे असेही नाही. टणक जमिनीवर गुडघे टेकताना त्याला अजून टोचते, म्हणून पूजेला बसताना तो खाली उशी घेतो.

साधारण सोळा ते अठराव्या वर्षी नडगीची वाढ पूर्ण होऊन हा भाग पक्क्या हाडाशी जोडला जाईल, तेव्हा बहुतेक मुलांचे दुखणे थांबते. थोड्या जणांत कंडरेत हाडाचा एक सुटा खडा राहून जातो आणि वाढ संपल्यावरही गुडघे टेकताना किंवा उडी मारताना दुखत राहते. निनादच्या बाबतीत तसे झाले तर तेव्हा पुन्हा एक्स-रे काढायचा आणि तो खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घ्यायचे, असे ठरले आहे. वाढ चालू असेपर्यंत त्या जागेला शस्त्र लावायचे नाही. रात्री झोपमोड करणारे दुखणे, ताप, किंवा उडीनंतर अचानक पाय सरळ न उचलता येणे यांपैकी काही झाले, तर त्याने पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे आहे.